उजेडावरून गाणं, आणि मध्येच घरघर

1880 साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आणि चार्ल्स टेन्टर यांनी वॉशिंग्टनमध्ये सूर्यप्रकाशाच्या झोतावरून आवाज सुमारे 213 मीटर लांब पोचवला. आज तोच खेळ एलईडी आणि फोटोडायोड घेऊन टेबलावर मांडता येतो. एलईडीतून 20 मिलिअँपिअर प्रवाह सोडायचा आणि मोबाइलमधल्या गाण्याने तो थोडा कमी-जास्त होऊ द्यायचा. उजेडाची ही थरथर डोळ्यांना दिसत नाही, पण फोटोडायोडला कळते. त्याचा इवलासा प्रवाह ऑप-अँप आणि 1 मेगओहमचा रोध मिळून व्होल्टेजमध्ये बदलतात आणि स्पीकर गाऊ लागतो.

मग अंतर वाढवायचं. समजा, अर्ध्या मीटरवर 400 मिलिव्होल्ट संकेत मिळाला. उघड्या एलईडीचा उजेड पसरत जातो, म्हणून एक मीटरवर 100 आणि दोन मीटरवर जेमतेम 25 उरतात. खोलीतल्या चोकवाल्या ट्यूबलाइटची घरघर मात्र 30 मिलिव्होल्ट असेल, तर तेवढीच राहते. दोन मीटरवर गाणं तिच्याखाली दबतं. आपली वीज 50 हर्ट्झची आणि दिवा प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळतो, म्हणून ही घरघर 100 हर्ट्झची असते.

बिघाड कुठे आहे हे कानांनीच ओळखता येतं. एलईडीवर हात धरला, गाणं थांबलं आणि घरघर राहिली, तर दोष दिव्याचा. दिवा बंद केल्यावर उरते ती बारीक फुसफुस अँम्प्लिफायरची. पण खिडकी उघडताच गाणं आणि घरघर दोन्ही गप्प झाली, तर उन्हाने फोटोडायोडचा प्रवाह इतका वाढवलाय की ऑप-अँप कमाल व्होल्टेजला जाऊन अडकलाय. 9 व्होल्टच्या बॅटरीवर 1 मेगओहमला फक्त 9 मायक्रोअँपिअर पुरतात. बीपीडब्ल्यू34सारखा फोटोडायोड दिवसाच्या उजेडात याहून कितीतरी जास्त देतो. अशा वेळी रोध लहान करावा लागतो.

अंतर वाढवायला नवशिके आधी एलईडीचा प्रवाह वाढवतात. तो चौपट केला, तरी अंतर फार तर दुप्पट होतं, आणि एलईडी तापतो ते वेगळंच! त्यापेक्षा फोटोडायोडपुढे 5 सेंटिमीटर व्यासाचं भिंग नेमकं लावावं. बीपीडब्ल्यू34चं क्षेत्रफळ साडेसात चौरस मिलिमीटर, तर भिंगाचं सुमारे 1960. म्हणजे उजेड अडीचशे पटींहून जास्त गोळा होतो आणि अंतर हिशेबाने सोळापट. शिवाय भिंग समोरचंच पाहतं, त्यामुळे बाजूच्या ट्यूबचा त्रास घटतो. त्रास एवढाच की नेम धरावा लागतो.

मजकूर पाठवताना वेगळी युक्ती आहे. टीव्हीच्या रिमोटप्रमाणे इन्फ्रारेड एलईडी 38 किलोहर्ट्झने लुकलुकवायचा आणि तेवढीच लुकलुक ऐकणारा रिसीव्हर लावायचा. 100 हर्ट्झची घरघर त्याच्या खिजगणतीतही नसते. मात्र गाणं हळूहळू खरखरत मरतं, तसं इथे होत नाही. अक्षरं काही अंतरापर्यंत स्वच्छ येतात आणि पुढे एकदम कचरा. म्हणून मोजमाप करताना आधी दिवे बंद करून, मग लावून, अशा दोन्ही वेळच्या नोंदी घ्याव्यात.