नळीचे पांघरूण आणि गच्चीवरचे ऊन



गच्चीवर सौर बंब बसवला, टाकीतले पाणी दुपारी चांगले कढत झाले, आणि संध्याकाळी न्हाणीघरात मात्र कोमट पाणी आले, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. दोष दर वेळी बंबाचा नसतो. टाकीतून खाली येणाऱ्या नळीचे वेष्टन तेवढे तपासून पाहावे.

समजा, पाऊण इंची लोखंडी नळी दहा मीटर लांब आहे. तिच्यात साडेतीन-पावणेचार लिटर पाणी राहते. एकाची अंघोळ झाली, तोटी बंद केली, की हे पाणी नळीतच थांबते. पाणी ६० अंशांचे आणि बाहेरची हवा २० अंशांची धरली, तर उघड्या नळीतले पाणी साधारण पंचवीस मिनिटांत ४० अंशांवर उतरते. वारा असला तर त्याहून लवकर. तीच नळी अर्धा इंच जाड वेष्टनात असेल, तर तेवढेच निवायला सुमारे दीड तास लागतो. म्हणजे घरातली माणसे एकामागून एक अंघोळीला गेली, तर वेष्टनाचा उपयोग पुरेपूर होतो. रात्रभर थांबलेले पाणी मात्र कोणत्याही वेष्टनात गार होणारच. सकाळची पहिली अर्धी बादली बाजूला काढावी लागते, यात वेष्टनाचा दोष नाही.

आता वेष्टन कशाचे घ्यावे? बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात: पॉलिथिलीनचा फोम, ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर, आणि नायट्रिल रबर. गंमत अशी, की कोरडी आणि नवी असताना तिन्ही जवळजवळ सारखीच उष्णता अडवतात. कारण अडवण्याचे खरे काम करते ती त्यांच्यात कोंडलेली स्थिर हवा. फरक पडतो तो गच्चीवरच्या ऊनपावसात.

पॉलिथिलीनचा फोम सर्वांत स्वस्त. माझ्या घरी प्रथम तोच घातला होता. आमच्या सोलापूरच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत त्याचा रंग उडाला, बोट लावले की भुगा हाताला येऊ लागला, आणि जोडांपाशी तो आखडून नळी दोन-दोन बोटे उघडी पडली. भुगा होतो तो उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. आखडतो तो उष्णतेमुळे. साधारण ९० अंशांपलीकडे हा फोम टिकत नाही. मे महिन्यात घर बंद असले, पाणी कोणी वापरलेच नाही, तर तापकापासून टाकीकडे जाणारी नळी याहून तापू शकते. तेव्हा हा फोम घराच्या आत, सावलीतल्या नळीलाच बरा.

काचेच्या लोकरीला ऊनही बाधत नाही आणि उष्णताही. तिचा शत्रू पाणी. भिजलेल्या घोंगडीने थंडी भागत नाही, हे शेतावरच्या माणसाला सांगायला नको. पाणी स्थिर हवेपेक्षा वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. लोकर भिजली की वेष्टन असून नसल्यासारखे, आणि आतून नळी गंजते ती निराळीच. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी खालच्या वळणाशी थेंब ठिबकत असले, तर लोकर आत ओली आहे असे समजावे.

रबराची छिद्रे बंद असतात, म्हणून ते पाणी पीत नाही, आणि साधारण १०५ अंशांपर्यंत टिकते. पण तेही उघड्या उन्हात कडक होते. वरच्या अंगाला बारीक चिरा दिसू लागल्या, चिकटवलेली शिवण उकलू लागली, की त्याचे दिवस भरत आले म्हणायचे.

मग निवड कशी करावी? तापक ते टाकी या सर्वांत तापणाऱ्या भागाला काचेची लोकर घालावी आणि तिच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा गुंडाळावा. टाकीपासून घरापर्यंत रबर घालावे. त्यालाही पत्र्याचे आवरण, निदान उन्हासाठी बनवलेला पांढरा रंग हवाच, आणि तो रंग झिजला की पुन्हा द्यावा. पत्र्याची शिवण नेहमी खालच्या बाजूला ठेवावी, आणि उभ्या नळीवर कौले शाकारतो तसा वरचा तुकडा खालच्यावर चढवावा, म्हणजे पाणी आत शिरत नाही.

एक परीक्षा मात्र घरच्या घरी करता येते. ऊन उतरल्यावर दहा मिनिटे गरम पाणी सोडा आणि वेष्टनावरून हात फिरवत जा. जिथे हाताला चटकन ऊब लागेल, तिथून तुमचे तापलेले पाणी निवते आहे. दुरुस्तीला सुरुवात तिथूनच करावी.