चॅटमधला संदेश अडकतो कुठे?

गणपतीत एखाद्या मंडळाच्या यूट्यूब लाइव्हवर आरती सुरू झाली की चॅट इतक्या वेगाने सरकतं की वाचणं अशक्य होतं. अशा वेळी आपला संदेश दिसेना, तर 'आपल्याला ब्लॉक केलं' असं पहिल्यांदा मनात येतं. बहुतेकदा तसं काही नसतं. नेमकं काय झालंय याचा अंदाज सरकणाऱ्या संदेशांपेक्षा खालच्या टाइप करायच्या चौकटीवरून लवकर येतो.

चौकट उघडी आहे, पण एक संदेश पाठवल्यावर सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते? मग स्लो मोड लावलेला आहे. दोन संदेशांत किती सेकंदांचं अंतर ठेवायचं हे चॅनेलवाला ठरवतो. हे बंधन प्रत्येक माणसावर असतं, गर्दीवर नाही. समजा, अंतर तीस सेकंदांचं आहे आणि पाचशे जण लिहितायत. प्रत्येकाला मिनिटाला दोन संदेश, म्हणजे मिनिटाला हजारापर्यंत संदेश येऊ शकतात. एकच जण सारखं 'मोरया' टाकत असेल तर त्याला लगाम बसतो. पण पाचशे जणांनी एकेकदा टाकलं तर स्लो मोड काहीही करू शकत नाही. मॉडरेटरला मात्र ही मोजणी लागू नसते. नावाशेजारी पान्याचं चिन्ह असलेला माणूस लागोपाठ सूचना टाकताना दिसला, तर त्यात पक्षपात नाही.

चौकटच बंद असेल तर चॅट फक्त सभासदांसाठी असू शकतं, म्हणजे दरमहा पैसे भरून चॅनेलचं सदस्यत्व घेतलेल्यांसाठी. बाकीच्यांना वाचता येतं, लिहिता येत नाही. सभासदांची नावं हिरव्या रंगात दिसतात. सगळीच नावं हिरवी दिसू लागली की समजावं. नुसतं 'सबस्क्राइब' केल्याने हे दार उघडत नाही. ते फुकट असतं आणि त्यासाठीचा निर्बंधही वेगळा असतो.

खरी पंचाईत रोखून ठेवलेल्या संदेशाची. चौकट उघडी, मोजणी नाही, संदेश गेला आणि तरी कोणी उत्तर देत नाही. यूट्यूबच्या यंत्रणेला मजकूर आक्षेपार्ह वाटला, तर चॅनेलने ती सोय चालू केली असल्यास तो मॉडरेटरपुढे जातो. दाखवायचा की लपवायचा हे तो ठरवतो. मॉडरेटर आरतीत रमला असेल, तर संदेश तिथेच पडून राहतो! लिंक आणि चॅनेलने वर्ज्य ठरवलेले शब्द यांना तर थेट मज्जावही करता येतो.

खात्री करायची तर लॉग-इन न केलेल्या दुसऱ्या फोनवर तेच प्रसारण उघडावं. तिथे चॅटच्या वरच्या यादीत 'टॉप चॅट' निवडलेलं असेल, तर ते बदलून 'लाइव्ह चॅट' करावं; टॉप चॅट काही संदेश आपणहून गाळतं. आता संदेश दिसला, तर तो कोणी अडवलेला नव्हता. नाही दिसला, तर तोच मजकूर पुन्हा पुन्हा धाडू नये, कारण मग तो स्पॅम वाटू लागतो. लिंक काढून, साध्या शब्दांत एकदाच लिहावं.