तुमच्या मुलाच्या शाळेत एक तास तुम्ही कसा घ्याल? रायपूरमधील पालकांसाठी नियोजनाची माहिती

सरकारी किंवा अनुदानित शाळेत पालकांना किंवा वस्तीतील जाणकार व्यक्तीला मुलांसमोर बोलायला, काही करून दाखवायला किंवा शिकवण्यात मदत करायला येता येते. शिंपी, सुतार, परिचारिका, शेतकरी, निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी असे कोणीही येऊ शकतात. त्यासाठी कोणाकडे जायचे आणि तो तास वाया जाऊ नये म्हणून काय ठरवायचे, ते येथे दिले आहे.

कोणत्या दोन मार्गांनी सहभागी होता येते?

पहिला मार्ग शाळा व्यवस्थापन समितीचा आहे. रायपूरच्या शाळांमध्ये तिला शाला प्रबंधन समिती म्हणतात. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असतात. तुम्ही सदस्य नसलात तरी तुमची सूचना एखाद्या पालक-सदस्यामार्फत बैठकीत मांडता येते.

दुसरा मार्ग केंद्र सरकारच्या ‘विद्यांजली’ या संकेतस्थळाचा आहे. त्याचे सध्याचे रूप सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झाले. शाळा आपल्या यू-डायस क्रमांकाने vidyanjali.education.gov.in वर नोंद करते आणि कोणती मदत हवी आहे ते लिहिते. तुम्ही स्वयंसेवक म्हणून नोंदणी करून शाळा निवडता आणि इच्छा कळवता. होकार द्यायचा की नाही, हे शाळा ठरवते. या कामाचे मानधन मिळत नाही आणि स्वयंसेवक नियमित शिक्षकाची जागा घेत नाही.

तुमचे मूल त्याच शाळेत शिकत असेल, तर आधी प्रधानपाठकांना भेटणे सोपे पडते. संकेतस्थळाचा उपयोग जास्त करून शाळेशी ओळख नसलेल्यांना होतो.

आधी गरज, मग पाहुणा

बहुतेक वेळा आधी पाहुणा ठरतो आणि मग त्याने काय बोलायचे याचा विचार होतो. अशा वेळी अर्धा तास सत्कारात जातो, उरलेल्या वेळात उपदेश होतो आणि मुले मागे बसून कुजबुजतात. म्हणून शिक्षकांना आधी एकच प्रश्न विचारा: “या महिन्यात पुस्तकातला कोणता भाग मुलांना प्रत्यक्ष पाहायला मिळाला तर बरे होईल?” उत्तर मिळाले की तो भाग रोजच्या कामात वापरणारी व्यक्ती वस्तीत शोधा.

उदाहरण: मितानिन ताईंचा तास

समजा, रायपूरमधील एका शाळेत सातवीत 35 मुले आहेत. शाळा जूनमध्ये सुरू झाली आहे आणि पावसाळा लागला की जुलाबाचे रुग्ण वाढतात. शिक्षकांना वाटते की मुलांना ओआरएस स्वतः तयार करता यावे. हे सांगायला मितानिन ताई योग्य आहेत. छत्तीसगडमध्ये 2002 मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमातील वस्तीच्या आरोग्य कार्यकर्तीला मितानिन, म्हणजे मैत्रीण, म्हणतात. वस्तीतली मुले त्यांना ओळखतात आणि त्या मुलांशी छत्तीसगढीत बोलू शकतात.

दोन आठवडे आधी: प्रधानपाठकांची संमती घ्या. वार आणि वेळ मितानिन ताईंना विचारून ठरवा, कारण लसीकरणाच्या दिवशी त्यांना येता येणार नाही. रोजंदारीवर जाणारा पालक पाहुणा असेल, तर त्याची मजुरी बुडणार नाही अशी वेळ निवडा.

एक आठवडा आधी: शिक्षक आणि पाहुण्या दहा मिनिटे बसून तासाचा एकच उद्देश ठरवतात. येथे तो असा: “प्रत्येक गटाने ओआरएसचे द्रावण बरोबर मापाने तयार करावे.” स्वच्छता, आहार, लसीकरण हे सगळे त्याच तासात कोंबू नका.

साहित्य: एक लिटरच्या पाच स्वच्छ बाटल्या, पिण्याचे पाणी, एक लिटरसाठीची ओआरएसची पाच पाकिटे, पेले आणि साबण. मितानिन ताईंच्या औषधपेटीतली पाकिटे रुग्णांसाठी असतात, ती वापरू नका. आरोग्य केंद्रात विचारा किंवा समितीच्या संमतीने विकत आणा. मुलांकडून पैसे गोळा करू नका.

त्या दिवशी 40 मिनिटे अशी वाटा:

• 5 मिनिटे: शिक्षक ओळख करून देतात. हार, भाषण नको.
• 10 मिनिटे: जुलाबात शरीरातून पाण्याबरोबर क्षारही जातात, म्हणून नुसते पाणी का पुरत नाही, हे ताई सांगतात.
• 15 मिनिटे: सात-सात मुलांचे पाच गट हात धुऊन द्रावण तयार करतात.
• 10 मिनिटे: मुलांचे प्रश्न.

या तासाचा गाभा मापात आहे. घरात नेहमी होणारी चूक म्हणजे मोठ्या पाकिटातली थोडी पूड अंदाजाने पेल्यात टाकणे. पूड जास्त झाली तर द्रावण खारट होते आणि लहान मुलाला अपाय होऊ शकतो. कमी झाली तर उपयोग होत नाही. म्हणून एक लिटरचे पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचे. बाजारात 200 मिलिलिटरची छोटी पाकिटेही मिळतात, त्यामुळे पाकिटावरचा आकडा आधी वाचायचा. तयार द्रावण 24 तासांत वापरायचे आणि उरलेले टाकून द्यायचे. मुलांनी 200 मिलिलिटरच्या पेल्याने मोजले, तर एक लिटरला पाच पेले लागतात हे गणितही तिथेच होते.

कोणती काळजी घ्यावी?

शिक्षक पूर्ण वेळ वर्गात हजर असले पाहिजेत. पाहुणा कितीही ओळखीचा असला तरी त्याला एखाद्या मुलासोबत एकटे सोडू नये. शाळेच्या वहीत पाहुण्याचे नाव, येण्या-जाण्याची वेळ आणि विषय लिहून सही घ्यावी. शाळेच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढू किंवा पाठवू नयेत. “तुमच्या घरी कोण आजारी आहे?” असे सगळ्यांसमोर विचारू नये, त्याऐवजी नाव न लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर प्रश्न मागवावेत. वस्तूंची विक्री, पक्षाचा किंवा धर्माचा प्रचार यांना या तासात जागा नाही.

तास उपयोगी पडला हे कसे ओळखावे?

टाळ्यांवरून ते कळत नाही. आठवड्यानंतर शिक्षकांनी कोणत्याही पाच मुलांना विचारावे: “या पाकिटाला किती पाणी? किती वेळ चालेल?” चार जणांनी बरोबर सांगितले, तर त्याच पद्धतीने पुढचा तास ठरवावा. दोघांनाच आले, तर बहुधा बोलणे जास्त आणि करून पाहणे कमी झाले. पुढच्या वेळी बोलण्याची पाच मिनिटे कमी करावीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी शिकलेली नाही. मला येता येईल का?
हो. तुमच्या कामातले कौशल्य पुरेसे आहे. फळ्यावर लिहिण्याचे काम शिक्षक करतील.

मला हिंदी नीट बोलता येत नाही, मराठीत बोलले तर चालेल का?
शिक्षकांना आधी सांगा. करून दाखवायचे काम निवडले, तर भाषेची अडचण कमी होते आणि राहिलेले शिक्षक समजावून सांगतात.

शिक्षक रजेवर असताना मला रोज वर्ग सांभाळायला सांगितले तर?
नम्रपणे नकार द्या आणि शिक्षकाच्या अनुपस्थितीचा विषय समितीच्या बैठकीत मांडा. स्वयंसेवकाने शिक्षकाला मदत करायची असते, त्याच्या जागी काम करायचे नसते.

शाळेने नकार दिला तर?
कारण विचारा. वेळेची किंवा विषयाची अडचण असेल तर ती बदलून पुन्हा विचारता येते. अंतिम निर्णय शाळेचाच असतो.