तळहात-तळपायांची खाज आणि बाइल ॲसिडचा आकडा

आठव्या-नवव्या महिन्यात खाज कुणाला सुटत नाही? पोट ताणतं, कातडी कोरडी पडते, उन्हाळा असेल तर घामोळं येतं. म्हणूनच ‘अंगात उष्णता वाढलीय, बाळंतपण झालं की जाईल’ असं म्हणून विषय संपतो. बहुतेक बायकांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण एक खाज वेगळी असते. ती तळपायांतून सुरू होते, तळहातांत येते आणि रात्री दिवे मालवले की वाढते. बाई उठून मोरीत गार पाण्याच्या धारेखाली पाय धरून उभी राहते, केसांच्या ब्रशने तळवे घासते. सकाळी पाहावं तर पुरळ नाही, पुटकुळी नाही, फक्त नखांचे ओरखडे. ही खाज त्वचेची नसून यकृताची असू शकते. तिचं नाव कोलेस्टॅसिस.

आपल्याकडे पहिली शंका अंगावर पित्त उठल्याची येते आणि आमसुलाचं पाणी लावलं जातं. पित्त उठतं तेव्हा लालसर गांधी दिसतात आणि काही तासांत विरतात. कोलेस्टॅसिसमध्ये गांधी उठतच नाहीत. खरुज असेल तर बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या असतात आणि घरातल्या इतरांनाही खाज असते. गरोदरपणातलं एक पुरळ पोटावरच्या ताणाच्या रेषांत सुरू होतं, बेंबीभोवतीची जागा बहुधा सोडून, पण ते डोळ्यांना दिसतं. म्हणून खाज सुटल्यावर आधी त्वचा उजेडात नीट पाहायची. खाजवण्याच्या खुणांखेरीज काहीच नसेल तर रक्त तपासायचं. खाज तळहात-तळपायांपुरती नसून अंगभर असली, तरी नियम हाच.

यकृत कोलेस्टेरॉलपासून बाइल ॲसिड म्हणजे पित्ताम्लं तयार करतं. ती पित्तरसातून आतड्यात उतरतात, स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतात आणि बहुतांश पुन्हा यकृताकडे परततात. यकृताच्या पेशीतून ती बाहेर पित्तमार्गात ढकलायला पेशीच्या भिंतीत बारीक पंप असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनपासून बनलेली द्रव्यं खूप वाढतात आणि या पंपांचा वेग मंदावतो. काही जणींचे पंप जन्मतःच जरा कमजोर असतात. त्यांच्यात पित्ताम्लं मागे साचतात आणि रक्तात उतरतात. आई किंवा बहिणीला हा त्रास झालेला असेल, पोटात जुळं असेल, तर शक्यता वाढते. ब्रिटनमधल्या नोंदींनुसार तिथे साधारण ०.७ टक्के गरोदर स्त्रियांना कोलेस्टॅसिस होतो, तर भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण १.२ ते १.५ टक्के आहे. म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही गजबजलेल्या प्रसूतिगृहात हा आजार अधूनमधून येणारच.

‘डोळे पिवळे नाहीत, म्हणजे यकृत ठीक आहे’ हा गैरसमज सर्वांत जास्त वेळ वाया घालवतो. कावीळ होते ती बिलिरुबिन वाढल्यावर. बाइल ॲसिड हा वेगळा पदार्थ आहे. तो बराच वाढलेला असतानाही बिलिरुबिन सहसा सामान्यच असतं. कोलेस्टॅसिस झालेल्या बहुतेक स्त्रियांना कावीळ होत नाही, त्यामुळे ती उतरवायला जाण्यात किंवा नुसतं पथ्य पाळण्यात काहीच साधत नाही.

याच्याच जोडीचा दुसरा गैरसमज सुशिक्षित घरांतही आढळतो. लिव्हर फंक्शन टेस्ट, म्हणजे एलएफटी, केली आणि ती नॉर्मल आली, की विषय मिटला असं वाटतं. नेहमीच्या एलएफटीत बाइल ॲसिड मोजलंच जात नाही. ते चिठ्ठीवर वेगळं लिहावं लागतं, टोटल बाइल ॲसिड या नावाने. लहान गावातली लॅब नमुना मोठ्या लॅबला पाठवते आणि रिपोर्टला एक-दोन दिवस जास्त लागतात, म्हणून कधी कधी ही तपासणी राहून जाते. एसजीपीटी कोलेस्टॅसिसमध्ये अनेकदा वाढतो, पण नेहमी नाही. उलट अल्कलाइन फॉस्फेटेज गरोदरपणात वाढलेलं दिसतंच, कारण ते वारेतूनही येतं. ते पाहून घाबरण्याचं कारण नाही.

रक्त उपाशीपोटी द्यावं का? पूर्वी तसा आग्रह असे. जेवणानंतर बाइल ॲसिड वाढतं, हे खरं. पण बाळाचा धोका ठरतो तो दिवसभरातल्या सर्वांत वरच्या आकड्यावर, आणि तो जेवणानंतरच सापडतो. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२२ मध्ये नियमावली बदलली. त्यानुसार रक्त नेहमीसारखं जेवूनखाऊन द्यायचं आणि १९ मायक्रोमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त आकडा आला तर कोलेस्टॅसिस मानायचा. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर मात्र अजून १० ही कमाल मर्यादा छापलेली असते. ती उपाशीपोटीच्या, गरोदर नसलेल्या माणसांच्या हिशेबाची असते. जेवणानंतर १३ आला आणि पुढे लाल खूण दिसली, तर तेवढ्यावर निष्कर्ष काढू नये. नमुना कधी घेतला, हे डॉक्टरांना सांगावं.

एकदा आकडा ठीक आला, म्हणजे पुढेही ठीकच राहील असं नाही. खाज आधी येते आणि रक्तातला बदल कधी कधी काही आठवड्यांनी दिसतो. एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण क्रम अशाच रुग्णांचा असतो. पुण्यात नोकरी करणारी एक तरुणी डोहाळजेवण झाल्यावर माहेरी साताऱ्याला आली. ३२व्या आठवड्यात तळपाय खाजू लागले. पुण्याच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये खाजेचा उल्लेख नाही, माहेरच्या डॉक्टरांना ती प्रथमच भेटतेय. त्यांनी त्वचा पाहिली, एलएफटी आणि बाइल ॲसिड दोन्ही करायला सांगितलं. एसजीपीटी ३०, बाइल ॲसिड १४. निदान होत नाही. पण खाज थांबली नव्हती, म्हणून आठवड्याभराने पुन्हा रक्त घेतलं, तेव्हा २४. कोलेस्टॅसिस ठरला, पण सौम्य. पस्तिसाव्या आठवड्यात ५२ आणि एसजीपीटी १३०, छत्तिसाव्यात ६८. आता तो मध्यम प्रकारात गेला. अडतिसावा आठवडा पूर्ण होताच दवाखान्यात दाखल करून औषधाने कळा आणायचं ठरलं. पहिल्या रिपोर्टवर थांबले असते, तर शेवटचे सहा आठवडे कुणाचंच लक्ष नसतं.

या आकड्यांना एवढं महत्त्व का, ते २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणाने स्पष्ट केलं. त्यात कोलेस्टॅसिस असलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी होत्या. ज्यांचा सर्वांत वरचा आकडा ४०च्या खाली राहिला, त्यांच्यात बाळ पोटातच दगावण्याचं प्रमाण ०.१३ टक्के होतं. ४० ते ९९ मध्ये ०.२८ टक्के. १०० किंवा त्याहून वर गेलेल्यांत ३.४४ टक्के, म्हणजे हजारात सुमारे ३४. पहिल्या दोन गटांतला धोका इतर गरोदर स्त्रियांपेक्षा फारसा वेगळा नाही. शंभरच्या वर मात्र तो झपाट्याने चढतो. म्हणून ‘कोलेस्टॅसिस म्हणजे बाळ गेलंच’ ही भीती जितकी चुकीची, तितकंच ‘खाजच तर आहे’ हेही चुकीचं. खाजेची तीव्रता धोका सांगत नाही. रात्रभर न झोपलेल्या बाईचा आकडा २२ असू शकतो आणि थोडीच खाज असलेल्या दुसरीचा ११०.

प्रसूती कधी करायची, हेही त्यावरूनच ठरतं. रॉयल कॉलेजच्या सल्ल्याप्रमाणे १९ ते ३९ असेल तर चाळिसाव्या आठवड्यापर्यंत, ४० ते ९९ असेल तर ३८ ते ३९, आणि १००च्या वर ३५ ते ३६ आठवड्यांत. मधुमेह, वाढलेला रक्तदाब किंवा जुळं सोबत असेल तर डॉक्टर हा हिशेब बदलतात. कोलेस्टॅसिस आहे एवढ्यासाठी सिझेरियन करावं लागत नाही, हे आवर्जून सांगते, कारण घरात पहिला प्रश्न तोच निघतो.

‘सोनोग्राफी छान आली, म्हणजे बाळ सुरक्षित’ हा दिलासा या आजारात लागू पडत नाही. इथे बाळ सुकत नाही, वाढ खुंटत नाही. वाढलेली पित्ताम्लं बाळाच्या हृदयाची लय अचानक बिघडवत असावीत, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. कालची सोनोग्राफी किंवा ठोक्यांचा आलेख आजची हमी देत नाही. बाळाची हालचाल कमी वाटली, तर आकडा कितीही असो, त्याच वेळी दवाखाना गाठायचा, सकाळची वाट पाहायची नाही.

गोळ्यांचंही तसंच. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड, म्हणजे यूडीसीए, गेली अनेक वर्षं सर्रास दिलं जातं. ब्रिटनमधल्या ३३ रुग्णालयांत ६०५ स्त्रियांवर झालेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधाने खाज अगदी थोडी उतरली आणि बाळाच्या परिणामांत फरक पडला नाही. डॉक्टरांनी दिलं तर घ्यावं, पण ‘गोळी सुरू आहे’ म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. आणखी एक बारकावा आहे. हे औषध स्वतःच एक बाइल ॲसिड आहे आणि तपासणीत मोजलं जातं. त्यामुळे पहिला नमुना शक्यतो गोळी सुरू होण्याआधी द्यावा. खाजेसाठी मेंथॉल असलेलं मलम आणि गार पाणी रात्र काढायला मदत करतात. ॲलर्जीच्या गोळीने झोप येते, खाज मात्र बहुधा जात नाही.

खाजेबरोबर उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोकेदुखी किंवा डोळे पिवळे होणं असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार असू शकतो. तेव्हा रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावं.

बाळंतपणानंतर खाज काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जाते. महिना-दीड महिन्याने यकृताची तपासणी पुन्हा करून ती नॉर्मल झाल्याची खात्री करावी. तेव्हाही बिघाड दिसला, तर यकृताचा दुसरा आजार शोधावा लागतो. पुढच्या गरोदरपणात हा त्रास परतण्याची शक्यता बरीच असते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही काहींना पुन्हा खाज सुटते. म्हणून बाइल ॲसिडचे सगळे रिपोर्ट फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. पुढच्या वेळी पहिल्याच भेटीत ते डॉक्टरांसमोर ठेवा, सासरी असा किंवा माहेरी.