आधी खडा बघायचा, मग चांदी

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले की काकतीतल्या एका छोट्या चांदीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दोन ताटं मांडली जातात. एका ताटात निव्वळ चांदी: पैंजण, जोडवी, निरांजनं, देवाची पळी. दुसऱ्या ताटात खडा असलेलं जे काही असेल ते. पुढे काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ही वाटणी दिसत नाही. पण उजाळा देण्याच्या कामात सगळ्यात मोठी चूक होते ती ही वाटणी न केल्यामुळेच.

पहिल्या ताटाची फारशी काळजी नसते. निपाणीच्या पलीकडची हुपरी हे पैंजणांचं गाव. तिथला माल या भागात घरोघरी आहे आणि तो काळा पडला तरी घरीसुद्धा उजळता येतो. भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल अंथरायची. त्यात लिटरभर कडकडीत पाणी, मोठा चमचाभर खाण्याचा सोडा आणि छोटा चमचा मीठ घालायचं. पैंजण फॉइलला टेकलेले असले पाहिजेत. थोड्या वेळात सडक्या अंड्यासारखा वास येतो. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे. तेच गंधक आता चांदी सोडून ॲल्युमिनियमच्या वाटेला गेलेलं असतं, म्हणून तो वास. त्यामुळे खिडकी उघडी ठेवायची. पावडरीने घासल्यावर चांदीचा थोडा थर निघून जातो, या पद्धतीत तो जात नाही, म्हणून दुकानातल्या कारागिरालाही ती मान्य आहे. फक्त पैंजणाच्या नक्षीत मुद्दाम भरलेला काळा असेल तर तोही धुऊन जातो आणि नक्षी सपाट दिसू लागते. आतून लाख भरलेला दागिना असेल तर गरम पाण्यात ती लाख मऊ होते. हे दोन अपवाद आधीच बघून घ्यायचे.

खरे किस्से दुसऱ्या ताटातले.

एक ताई फिरोज्याची अंगठी घेऊन आल्या. चांदी लख्ख होती, खडा मात्र कडेने हिरवट आणि मध्ये डागाळलेला. फॉइलची युक्ती त्यांनी पैंजणांसाठी केली होती आणि अंगठीही त्याच भांड्यात टाकली होती. फिरोजा दगड दिसतो, पण आतून सच्छिद्र असतो. पाणी, साबण, तेल, घाम सगळं शोषून घेतो. बाजारातल्या बऱ्याच फिरोज्यांना रंग टिकावा म्हणून मेण किंवा राळ पाजलेली असते, ती गरम पाण्यात टिकत नाही. कारागिराने भिंगातून बघितलं आणि खड्याच्या कडेकडे बोट केलं. "इथनं सुरू होतं बघा. धातू आणि खडा भेटतो तिथं पाणी साठतं." ताईंनी विचारलं, परत निळा होईल का? त्याने नाही म्हणून सांगितलं. मेण लावून चार दिवस चमकवता आलं असतं, पण त्याने ते केलं नाही. मला त्याचं हे वागणं फार आवडलं.

दुसरा किस्सा पोवळ्याचा. मावशींची माळ होती, मध्ये चांदीचे मणी. त्यांनी तांब्या-पितळेसारखी चिंच लावली. चांदी उजळली, पण पोवळ्यांचं तेज गेलं आणि ती खडूसारखी पांढरट, खरखरीत लागू लागली. "मावशी, चिंच लावलीसा काय वो?" एवढंच कारागिराने विचारलं. पोवळं आणि मोती दोन्ही मुळात चुन्याच्या जातीचे, समुद्रातल्या जिवांनी घडवलेले. चिंच, लिंबू, व्हिनेगर, चांदी चमकवायचं बाटलीतलं आंबट द्रावण यांपैकी काहीही लागलं की वरचा थर विरघळू लागतो. बोटाने हळूच फिरवून बघितलं की कळतं: चांगलं पोवळं गुळगुळीत सरकतं, खाल्लेलं पोवळं बोटाला अडतं. टूथपेस्टचंही तसंच. त्यातले बारीक कण दातांसाठी ठीक असतील, पण मोती दातापेक्षा मऊ असतो आणि चांदीवरही त्या कणांचे ओरखडे उठतात.

मग मोत्याची अंगठी कशी उजळायची? त्याच ताटातली एक मी शेवटपर्यंत बघितली. चंद्रासाठी म्हणून घातलेली, करंगळीतली, मागून उघडी. मोती अंगाला लागावा म्हणून अशी अंगठी मागून मोकळी ठेवतात. त्यामुळे घाम, साबण, कणकेचं पीठ सगळं मागच्या बाजूनेच मोत्याच्या बुडाशी जातं. आधी कारागिराने मोती हलतोय का, हे बघितलं. हलत असता तर उजाळ्याचं काम तिथेच थांबलं असतं, कारण अर्ध्या भोकाचा मोती नुसत्या चिकटवणीवर उभा असतो आणि ती पाण्याने सुटते.

मोती घट्ट होता. त्याने मोत्यावर मऊ सुती कापडाची पट्टी गुंडाळून ती बोटाने धरून ठेवली. चांदीवर फिरवायला चांदी पुसायचं तयार कापड घेतलं. कड्याचा बाहेरचा भाग लगेच उजळला. कोंदणाच्या कडेला मात्र कापड न्यायचं नाही, कारण त्या कापडात पॉलिशची पूड असते आणि ती मोत्याला घासते. तिथे टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळून, सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून, पार पिळून, नुसता धातूवर फिरवला. काळेपणा पूर्ण गेला नाही. खाचेतला थोडा त्याने मुद्दाम ठेवला. मग साध्या पाण्यात भिजवून पिळलेला कापूस, त्यानंतर कोरडा. मागच्या उघड्या बाजूचं पीठ लाकडी काडीने हळूच काढलं. अंगठी पूर्ण सुकेपर्यंत ती डबीत घातली नाही. हे सगळं अर्ध्या तासात झालं आणि अंगठी एकदाही पाण्यात बुडली नाही.

दुकानात एक यंत्रही आहे. पाण्यात बारीक कंप देऊन दागिने स्वच्छ करणारं. नवशिक्या पोराने त्यात एकदा खड्यांचं ताट उलटं केलं असतं, कारागिराने त्याचा हात धरला. साध्या चांदीला आणि अखंड हिऱ्याला ते चालतं. मोती, पोवळं, फिरोजा, ओपल यांना नाही, आणि तेल पाजलेल्या पाचूलाही नाही. कंपाने पाचूच्या भेगांतलं तेल बाहेर येतं आणि आधी न दिसलेल्या भेगा दिसू लागतात.

ठेवण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड. चांदीला हवा लागू नये म्हणून घट्ट बंद पिशवी चांगली, पण मोत्याला अशा कोंडलेल्या कोरड्या जागेत फार दिवस ठेवलं तर तो सुकतो, कधी तडकतो. दोघं एकाच अंगठीत. कारागीर मोत्याची बाजू घेतो: मऊ सुती थैली, रबरबँड नाही, लोकर नाही, कारण दोन्हींत गंधक असतं. अंगठी काढली की कोरड्या कापडाने पुसून ठेवायची. चांदी थोडी लवकर काळी पडेल, पुढच्या सणाला पुन्हा तेवढाच अर्धा तास.