भाजलेल्या त्वचेचे गणित

नाशिकहून आग्रा रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर गेले की ओझर लागते. विमानांच्या कारखान्यामुळे हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा गावात कोणी भाजले, तर प्रथमोपचार गावातल्या दवाखान्यात होतात आणि मोठ्या उपचारांसाठी नाशिक गाठावे लागते. या प्रवासात तास-दोन तास सहज जातात. रुग्णाला किती सलाईन द्यायचे या हिशेबात त्या दोन तासांनाही एक जागा आहे. ती कोणती, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू.

ओझरमधील साठ किलो वजनाचा एक माणूस सकाळी ८ वाजता गॅसच्या भडक्यात भाजला. छाती, पोट आणि संपूर्ण उजवा हात भाजला असून डाव्या मांडीवर थोडे चट्टे आहेत. नाशिकच्या रुग्णालयात त्याला सलाईन सुरू झाले तेव्हा १० वाजले होते.

आधी प्रश्न असा की, आग तर त्वचेला लागली, मग शिरेतून पाणी का द्यायचे? भाजल्यावर केशवाहिन्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातील द्रव त्यांतून बाहेर ऊतींमध्ये झिरपू लागतो. फोड आणि सूज यांतून तो आपल्याला दिसतो. १९२१ साली अमेरिकेतील न्यू हेवन येथे रियाल्टो नाट्यगृहाला आग लागली. तेथील रुग्णांचा अभ्यास करताना फ्रँक अंडरहिल यांना आढळले की फोडातले पाणी साधे पाणी नसून त्याची घडण रक्तद्रवासारखी असते. म्हणजे रुग्णाच्या शरीरातून रक्ताचा पातळ भागच निघून जात असतो. मोठ्या भाजण्यात ही गळती पहिल्या आठ-बारा तासांत सर्वांत जोरात असते आणि साधारण चोवीस तासांत ओसरते. या काळात भरपाई झाली नाही, तर रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

किती द्रव गळेल हे भाजलेल्या क्षेत्रावर अवलंबून असते, म्हणून डॉक्टर आधी क्षेत्राचा अंदाज करतात. प्रौढ माणसाचे शरीर नऊ-नऊ टक्क्यांच्या भागांत वाटता येते : डोके व मान ९, प्रत्येक हात ९, धडाची पुढची बाजू १८, मागची बाजू १८, प्रत्येक पाय १८ आणि जननेंद्रियांचा भाग १. सगळे मिळून १००. विखुरलेल्या चट्ट्यांसाठी रुग्णाचाच बोटांसहित तळवा म्हणजे सुमारे १ टक्का धरतात. आपल्या रुग्णाचे धड पुढून १८, हात ९ आणि मांडीवर तीन तळव्यांएवढे ३, म्हणजे एकूण ३० टक्के.

येथे एक चूक वारंवार होते. त्वचा नुसती लाल झाली असेल, फोड आलेले नसतील किंवा त्वचा सुटलेली नसेल, तर तो भाग मोजायचा नसतो. तो मोजला की आकडा फुगतो. लहान मुलांना तर नवाचा नियम लागूच पडत नाही. वर्षभराच्या बाळाचे डोकेच शरीराच्या जवळजवळ पाचवा हिस्सा असते आणि पाय त्या मानाने लहान असतात. त्यांच्यासाठी वयानुसार केलेला तक्ता वापरतात.

आता सूत्र. अमेरिकेतील पार्कलँड रुग्णालयात बॅक्स्टर आणि शायर्स यांनी १९६८ मध्ये ते मांडले :

चोवीस तासांतील द्रव (मिलिलिटर) = ४ × वजन (किलो) × भाजलेले टक्के

आपल्या रुग्णासाठी ४ × ६० × ३० = ७२०० मिलिलिटर, म्हणजे सात लिटरांहून थोडे अधिक. द्रव म्हणून रिंगर लॅक्टेट देतात, कारण त्यातील क्षारांचे प्रमाण रक्तद्रवाच्या जवळ जाते. आजकाल अनेक ठिकाणी प्रौढांसाठी ४ ऐवजी २ पासून सुरुवात करतात. आपण मूळ सूत्रच घेऊ.

यातला निम्मा भाग, म्हणजे ३६०० मिलिलिटर, पहिल्या आठ तासांत द्यायचा आणि उरलेला निम्मा पुढच्या सोळा तासांत. हे आठ तास मात्र भाजल्याच्या क्षणापासून मोजायचे, रुग्णालयात पोचल्यापासून नव्हे, कारण गळती ८ वाजताच सुरू झालेली आहे. आठ तास दुपारी ४ ला संपतात आणि सलाईन सुरू झाले १० ला. हाती उरले सहा तास. ३६०० ÷ ६ = ताशी ६०० मिलिलिटर. पुढे ३६०० ÷ १६ = ताशी २२५. वाटेत एखादी बाटली दिली असेल तर ती पहिल्या निम्म्यातून वजा करायची.

ताशी ६०० म्हणजे मिनिटाला १० मिलिलिटर. नेहमीच्या सलाईनच्या नळीतून वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणून मिनिटाला २०० थेंब. एवढे थेंब डोळ्यांनी मोजता येत नाहीत. म्हणून दोन शिरांत दोन सलाईने लावून प्रत्येकी १०० थेंब ठेवणे सोपे पडते. अर्ध्या लिटरची बाटली दर पन्नास मिनिटांना एक या गतीने संपेल, हाही एक चांगला ताळा आहे.

पण सूत्र म्हणजे केवळ सुरुवात. रुग्णाला द्रव पुरेसा मिळतो की नाही हे त्याची मूत्रपिंडे सांगतात. म्हणून लघवीची नळी घालून दर तासाला लघवी मोजतात. नळी घालताना मूत्राशयात साठलेली लघवी बाहेर येते. ती वेगळी नोंदवायची, पहिल्या तासात धरायची नाही. प्रौढासाठी लक्ष्य वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्धा मिलिलिटर, म्हणजे आपल्या रुग्णासाठी ताशी ३० ते ५०. लहान मुलांत हे लक्ष्य किलोमागे १ मिलिलिटर असते. आपल्या रुग्णाची नोंद अशी होऊ शकेल :

| वेळ | सलाईन | लघवी | निर्णय |
|---|---|---|---|
| १०–११ | ६०० | २२ | नळी तपासली. वेग पाचव्या हिश्शाने वाढवला |
| ११–१२ | ७२० | २८ | वाढत आहे. तोच वेग |
| १२–१ | ७२० | ४१ | तोच वेग |
| १–२ | ७२० | ६८ | वेग पाचव्या हिश्शाने कमी |
| २–३ | ५८० | ५२ | आणखी कमी |
| ३–४ | ४६० | ३८ | योग्य |

सहा तासांची बेरीज ३८०० येते. सूत्राने ३६०० सांगितले होते. दोनशेचा हा फरक लघवीच्या नोंदीने केलेली दुरुस्ती आहे. चार वाजता वेग ४६० वरून एकदम २२५ वर आणायचा नाही. लघवी पाहत पाहत पायरीपायरीने उतरायचे.

आता समजा, लाल झालेला भागही मोजून डॉक्टरांनी ३० ऐवजी ४५ टक्के धरले असते. मग एकूण १०,८०० आणि सुरुवातीचा वेग ताशी ९०० झाला असता. लघवी शंभरावर गेली तरी कोणी वेग कमी केला नाही, तर जादा पाणी फुप्फुसांत साचते, सूज वाढते आणि भाजलेल्या हातातला रक्तप्रवाहच दाबला जाऊ शकतो. कमी द्रवाइतकाच जास्त द्रवही घातक आहे. अंदाज चुकला तर तासाची नोंद ती चूक दाखवते, पण ती वाचून कोणी वेग बदलला तरच.

ही नोंदही कधी फसवते. नळीला पीळ पडला की लघवी कमी दिसते, म्हणून आधी नळी पाहायची. मधुमेहात साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते आणि लघवी भरपूर दिसूनही शरीर कोरडे असू शकते. विजेने भाजल्यावर स्नायूंतील रंगद्रव्य उतरून लघवी गडद होते. तेव्हा मूत्रपिंडे वाचवण्यासाठी प्रौढांत ताशी ७५ ते १०० चे लक्ष्य ठेवतात. म्हणून नाडी, रक्तदाब आणि रुग्णाची शुद्ध यांची नोंद त्याच कागदावर शेजारी असावी लागते.

वर्गात हे गणित देताना एकच आकडा बदलून पाहा : सलाईन १० ऐवजी १२ वाजता सुरू झाले तर? ३६०० ला चारने भागा. ताशी ९०० येतात. वाटेत गेलेले दोन तास असे आकड्यांत दिसतात.