भाषणात नवी संज्ञा पहिल्यांदा कशी सांगावी

समजा, सेमिनारमध्ये तुम्हाला तलावाच्या प्रदूषणावर 10 मिनिटे बोलायचे आहे. समोर रसायनशास्त्राचे विद्यार्थी आहेत, तसेच वाणिज्य शाखेचेही. तुम्ही म्हणता, "या तलावाचा बीओडी, म्हणजे बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड, 12 आहे." तुम्हाला वाटते की व्याख्या दिली. प्रत्यक्षात तुम्ही फक्त लघुरूप सोडवले. ज्याने हा शब्द पूर्वी ऐकलेला नाही, तो 'ऑक्सिजन' आणि '12' एवढेच पकडतो व ऑक्सिजन भरपूर आहे, म्हणजे पाणी चांगले आहे, असा उलटा अर्थ काढतो. पुढचे सगळे भाषण तो याच समजुतीने ऐकतो.

वाचक मागचे पान उलटून पाहू शकतो, श्रोता पाहू शकत नाही. म्हणून बोलताना आधी अर्थ आणि मग नाव असा क्रम ठेवा. मराठी वाक्यरचनेत हा क्रम सहज बसतो: "पाण्यातला सेंद्रिय कचरा कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन वापरतात, त्याला बीओडी म्हणतात. आकडा जितका मोठा, तितकं पाणी खराब. आंघोळीच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला 3 मिलिग्रॅम आहे. या तलावात 12 आहे." याला 15 सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. अर्थ, दिशा आणि तुलनेसाठी एक आकडा, एवढ्या तीन गोष्टी पुरतात. जिवाणू ऑक्सिजन कसा वापरतात हे इथे सांगू नका. व्याख्येतच दुसरी संज्ञा आली की श्रोता अडतो.

आता जाणकारांचा प्रश्न. "तुमच्यापैकी अनेकांना हे माहीत नसेल" किंवा "अगदी सोप्या भाषेत सांगायचं तर" अशी सुरुवात केली की ऐकणाऱ्याला कमी लेखल्यासारखे वाटते. "आपल्याला माहीत आहेच" म्हटले तर माहीत नसलेला गप्प बसतो. यापैकी काहीही न म्हणता सरळ अर्थ सांगा आणि जाणकाराला उपयोगी पडेल असा तपशील लगेच जोडा: "ही चाचणी 27 अंश सेल्सिअसला 3 दिवसांची आहे." 20 अंशांवर 5 दिवसांची पद्धतही वापरली जाते, त्यामुळे कोणती पद्धत वापरली हे त्यालाही हवेच असते. अशा रीतीने तेच वाक्य दोघांच्या कामी येते.

दोन मिनिटांनी शब्द पुन्हा आला की अर्थाचा एक तुकडा सोबत ठेवा: "पावसाळ्यानंतर बीओडी घटला, म्हणजे कुजणारा कचरा कमी झाला."

या पद्धतीला मर्यादा आहे. लागोपाठ तीन नव्या संज्ञा आल्या, तर प्रत्येकीची व्याख्या चांगली असूनही श्रोता थकतो. अशा वेळी जी संज्ञा भाषणात एकदाच येणार आहे, तिचे नाव गाळा आणि फक्त अर्थ सांगा.

भाषण जमले का, हे प्रश्नांवरून कळते. "बीओडी वाढला तर चांगलंच ना?" असे कोणी विचारले, तर तुमच्या व्याख्येत दिशा सांगायची राहिली होती.